हाती फक्त सेक्टर आणि प्लॉटचा नंबर असेल, तर नवी मुंबईत घर कसे शोधावे?

माहीमचा_माधव (धागाकर्ता)

माझ्या मुलीचे लग्न येत्या महिन्यात ठरले आहे आणि पत्रिका स्वतःच्या हाताने नेऊन द्यायच्या, असा आमच्या घरचा रिवाज आहे. माहीम, दादर, गिरगाव इथल्या पत्रिका दोन संध्याकाळांत वाटून झाल्या, कारण तिथे रस्त्याचे नाव, मग गल्ली, मग वाडी किंवा चाळ अशी पत्त्याची वाट ठरलेली असते आणि कुठेही विचारले तरी कोणीतरी बोट दाखवतो. नवी मुंबईच्या चौदा पत्रिका मात्र उरल्या आहेत. गेल्या रविवारी सकाळी नऊला निघालो आणि संध्याकाळी सहापर्यंत फक्त तीन पोहोचवू शकलो.

बहुतेक पत्त्यांत रस्त्याचे नावच नाही. ‘प्लॉट ६४, सेक्टर अमुक, खारघर’ एवढेच लिहिलेले असते. त्या सेक्टरात मी पोहोचलो, समोर प्लॉट ४९ दिसला, पुढे ५०, ५१ असे आकडे चढत गेले, म्हणून त्याच दिशेने चालत राहिलो. ५६ नंतर चौक आला, तो ओलांडल्यावर पलीकडच्या फाटकावर १०५ होता. तिथून पुढे तासभर फिरूनही ६४ मिळाला नाही. मोबाइलच्या नकाशाने मला सेक्टरच्या मधोमध असलेल्या बागेत आणून सोडले. ज्यांच्याकडे जायचे होते ते वयोवृद्ध आहेत, त्यांना खाली बोलावणे मला बरे वाटले नाही.

माझा प्रश्न असा आहे की, हे नंबर देताना काही पद्धत ठरलेली असणारच, तर ती नवख्या माणसाला कशी ओळखता येईल? पुढच्या रविवारी पुन्हा निघायचे आहे.

---

डोंबिवलीकर_प्रकाश

लेकीच्या लग्नासाठी मनापासून शुभेच्छा. ब्लॉक नंबर शोधणे तसे सोपे असते. इमारतीच्या तळमजल्यावर नावांची पाटी असते, तिच्यावर ब्लॉक नंबरापुढे आडनाव लिहिलेले असते. आमच्या इमारतीत तर प्रत्येक ब्लॉकच्या दारावरही नंबर आहे, तेव्हा तुम्ही पाटी वाचून थेट वर जावे.

---

माहीमचा_माधव

धन्यवाद, प्रकाशराव. आपण राहत्या घराला ब्लॉक म्हणतो त्या अर्थाने तुम्ही उत्तर दिले आहे, आणि ते बरोबरच आहे. माझी अडचण मात्र इमारतीच्या दारापर्यंत पोहोचण्याचीच आहे.

---

सीवूड्सची_स्वाती

मी वीस वर्षे नेरुळमध्ये राहते आणि मला कधीच अडचण आलेली नाही, कारण इथली पद्धत फार सरळ आहे. रेल्वेच्या पश्चिमेला सम आकड्यांचे सेक्टर आणि पूर्वेला विषम आकड्यांचे. कोणी ‘सेक्टर १९’ म्हटले की पूर्वेला उतरायचे, ‘सेक्टर ५०’ म्हटले की पश्चिमेला. सगळ्या नवी मुंबईत असेच आहे. सेक्टर १ स्टेशनपाशी सुरू होतो आणि आकडे दूर वाढत जातात. एवढे लक्षात ठेवले की रस्त्याच्या नावाची गरज पडत नाही.

---

पार्सलवाला_नितीन

स्वातीताई, नेरुळचे तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मी सहा वर्षे दुचाकीवरून पार्सले पोहोचवली आहेत आणि नेरुळमध्ये सम-विषम हाच माझा पहिला आधार असे. पण तोच नियम वाशीत लावायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फसलो. वाशीत ९ आणि १० हे सेक्टर एकमेकांना लागून आहेत आणि दोन्ही रेल्वेच्या एकाच बाजूला आहेत. स्टेशनचे म्हणाल, तर वाशी स्टेशन सेक्टर ३०-ए मध्ये आहे, सेक्टर १ मध्ये नाही.

माधवकाका, तुमच्या चौदा पत्त्यांपैकी किती पत्त्यांवर नोडचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे ते आधी पाहा. नोड म्हणजे वाशी, नेरुळ, खारघर, कामोठे यांपैकी एक वसाहत. सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये नव्याने १ पासून सुरू होतात, त्यामुळे सेक्टर १७ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. नुसते ‘सेक्टर १७, नवी मुंबई’ असे लिहिले असेल, तर तो पत्ता अर्धाच आहे. अशा वेळी मी पिनकोड बघत असे. ४००७०३ असेल तर वाशी, ४००७०६ असेल तर नेरुळ-सीवूड्स, ४००७०९ असेल तर कोपरखैरणे, ४१०२१० असेल तर खारघर. सुरुवातीलाच ४१० दिसले, तर ते ठिकाण बेलापूरच्या पुढे, रायगड जिल्ह्याच्या बाजूला आहे हे समजायचे, आणि त्याप्रमाणे कोणत्या स्टेशनचे तिकीट काढायचे ते ठरते.

---

आरेखक

या विषयात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. नियोजनाच्या एका कार्यालयात मी आरेखक होतो आणि सेक्टरांचे अभिन्यास म्हणजे लेआउट कागदावर उतरवणे, हेच माझे काम होते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्वातीताईंना आधी एक सांगतो. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि वाशी हा अगदी आरंभीचा नोड. वाशीला रेल्वे आली ती १९९२ साली, तोवर तिथले जुने सेक्टर वसून लोक राहायलाही लागले होते. तेव्हा वाशीचे आकडे स्टेशनापासून मोजलेले असणे शक्यच नव्हते. नेरुळमध्ये रेल्वेची रेषा विभागणीसाठी धरलेली दिसते, म्हणून तिथला नियम तिथेच खरा. सेक्टरचा आकडा हे त्या भागाचे नाव आहे असे समजावे, त्यातून दिशा किंवा अंतर निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. सेक्टर कुठे आहे हे नोडच्या नकाशावरून किंवा रिक्षावाल्याकडूनच कळेल, आणि रिक्षावाल्यांना सेक्टर पक्के पाठ असतात. खरी अडचण सेक्टरच्या आत शिरल्यावर सुरू होते, कारण प्लॉट नंबर रिक्षावाल्यांना सहसा माहीत नसतात.

सेक्टरच्या आत मात्र पद्धत आहे, आणि माधवराव, तुमच्या ६४ चे उत्तरही तिच्यातच आहे. लेआउट काढताना आधी आतले रस्ते पडतात. दोन समांतर रस्त्यांच्या मध्ये जी पट्टी उरते, तिच्यात प्लॉटांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून बसतात. एका रांगेची तोंडे अलीकडच्या रस्त्याकडे, दुसरीची पलीकडच्या रस्त्याकडे. नंबर घालणारा माणूस पहिल्या रांगेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, तिथे कोपऱ्यावर वळतो आणि मागच्या रांगेतून परत येतो. शेतात बैल जसे तास संपल्यावर बांधाशी वळतात आणि उलट दिशेने दुसरे तास धरतात, तसेच हे आहे.

तुमच्या वर्णनावरून त्या पट्टीत ४९ ते ५६ अशा आठ प्लॉटांची पुढची रांग आहे. ५६ च्या कोपऱ्यावर तुम्ही सरळ जाऊन चौक ओलांडला. नंबर मात्र तिथे वळलेला असणार. ५७ हा ५६ च्या पाठीला असेल, आणि तिथून ५८, ५९ असे करत रांग उलट दिशेने परत आली असेल. मग ६४ कुठे येतो ते बोटावर मोजून पाहा. तो बरोबर ४९ च्या पाठीला येतो. तुम्ही ज्या फाटकासमोर प्रथम उभे होता, त्या सोसायटीच्या मागच्या कुंपणापलीकडे तुमच्या आप्तांचे घर असण्याचा संभव मला फार वाटतो.

---

माहीमचा_माधव

आरेखक साहेब, हे वाचून मी कागद घेऊन बसलो आणि दोन रांगा काढून पाहिल्या. ४९ च्या मागे ६४, ५० च्या मागे ६३, ५६ च्या मागे ५७. प्रत्येक जोडीची बेरीज ११३ येते! हा योगायोग आहे की नियम?

---

मुग्धा_नकाशा

काका, तो या पद्धतीचाच परिणाम आहे. एका रांगेत आकडा एकाने वाढतो आणि तिच्या पाठीमागच्या रांगेत त्याच दिशेला एकाने कमी होतो, म्हणून पाठीला पाठ असलेल्या जोडीची बेरीज सगळ्या पट्टीत सारखीच राहते. जागेवर उभे राहून पडताळा घ्यायला ही फार उपयोगी खूण आहे. पट्टीचा पहिला आणि शेवटचा नंबर कळला की त्यांची बेरीज करावी, आणि हवा असलेला नंबर तिच्यातून वजा करावा. जो आकडा येईल त्या फाटकाच्या पाठीला आपले घर.

मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे आणि आमच्या अभ्यासदौऱ्यात हीच गोष्ट चंडीगडमध्ये मोठ्या मापावर पाहिली. तिथले सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब आहेत आणि त्यांचे आकडेही असेच तास धरून गेलेले आहेत. सेक्टर ९ च्या खाली १७ आहे, त्यांची बेरीज २६. त्याच्या शेजारी ८ च्या खाली १८, बेरीज पुन्हा २६. १७ च्या खाली २२, बेरीज ३९. १८ च्या खाली २१, तीही ३९. सगळ्या बेरजा तेराच्या पटीत येतात, कारण मांडणीत १३ हा सेक्टर वगळलेला होता आणि त्या जागी आकड्यांनी एक उडी घेतली. त्यामुळे एका सेक्टरात उभे राहून खालचा सेक्टर कोणता हे तिथल्या माणसाला नकाशाशिवाय सांगता येते. म्हणजे चंडीगडमध्ये सेक्टरचा आकडाच दिशा दाखवतो, आणि इथेच नवी मुंबई वेगळी पडते.

पण हा नियम शहराच्या पहिल्या टप्प्यापुरताच आहे. २२ च्या खाली दुसऱ्या टप्प्यातला ३५ येतो आणि बेरीज ५७ होते, जी तेराच्या पटीत बसत नाही. शहर वाढले की जुनी मोजणी कुठेतरी तुटतेच.

---

सीवूड्सची_स्वाती

नितीन आणि आरेखक साहेब, माझी चूक मला मान्य आहे. मी माझ्या नोडचा नियम सगळ्यांना लावला. मात्र एक गोष्ट विचारते. आमच्याकडे १९ आहे आणि १९-ए सुद्धा आहे. तो १९ चाच तुकडा समजायचा का? एकदा आमच्या पाहुण्यांना १९-ए मध्ये यायचे होते आणि ते अर्धा तास १९ मध्ये फिरत होते.

---

आरेखक

स्वातीताई, तो स्वतंत्र सेक्टर समजावा. त्याचे प्लॉट नंबर वेगळे सुरू होतात, म्हणून १९ मधला प्लॉट ५ आणि १९-ए मधला प्लॉट ५ या दोन वेगळ्या जागा आहेत. पत्ता घेताना ते अक्षर गळले, तर माणूस नेमका दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. म्हणून पत्ता फोनवर उतरवून घेताना सेक्टरनंतर काही अक्षर आहे का, हे मुद्दाम विचारून घ्यावे.

प्लॉटच्या नंबराला लागलेल्या अक्षराचा अर्थ याहून निराळा असतो. प्लॉट १४-ए असेल, तर बहुधा लेआउट झाल्यावर १४ च्या लगत नवीन प्लॉट पाडला गेला आहे, आणि मागचे पुढचे सगळे नंबर बदलू नयेत म्हणून त्याला अक्षर दिले आहे. तो १४ च्या आजूबाजूलाच शोधावा. याच्या उलट प्रकार म्हणजे दोन प्लॉट एकत्र करून एक इमारत बांधणे. मग पाटीवर ‘प्लॉट १२ व १३’ असे येते आणि फाटक एकच असते. म्हणून नंबर शोधताना फाटके मोजत जाऊ नये, पाट्या वाचत जावे.

आणि मधला एखादा आकडा दिसलाच नाही, तर गोंधळू नये. शाळा, बाग, विजेचे उपकेंद्र यांच्या जागांनाही बऱ्याच लेआउटांत प्लॉट नंबर असतो, पण बागेच्या फाटकावर तो कोणी लिहीत नाही. २३ नंतर एकदम २६ आला आणि मध्ये शाळेचे मैदान असेल, तर २४ आणि २५ त्या मैदानात गेले असे समजून पुढे चालावे. माधवरावांना चौकापलीकडे ५६ नंतर १०५ दिसला, ती उडी मात्र वेगळ्या जातीची आहे. मध्ये मोठी मोकळी जागा नसताना रस्ता ओलांडताच आकडा इतका उडाला, तर आपण एका गटातून दुसऱ्या गटात शिरलो आहोत. अलीकडच्या गटाची सगळी मोजणी संपल्यावर पलीकडच्या गटाला पुढचे आकडे मिळाले असणार. अशा वेळी मागे फिरावे आणि कोपऱ्यावरून वळून पाहावे.

---

पार्सलवाला_नितीन

साहेबांनी कागदावरचे सांगितले, मी रस्त्यावरचे सांगतो. सोसायटीच्या फाटकावर नाव मोठ्या अक्षरांत असते आणि प्लॉट नंबर कुठेतरी कोपऱ्यात, कधी रंग उडालेला, कधी बोगनवेलीच्या मागे. अंधारात तो दिसतच नाही. मी दुकानांच्या पाट्या वाचत असे. औषधांचे दुकान, इस्त्रीवाला, दवाखाना, कोणतीही पाटी घ्या, तिच्या अगदी खालच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘शॉप नं. ४, अमुक सोसायटी, प्लॉट २१, सेक्टर २०’ असा पूर्ण पत्ता असतो. दुकान रस्त्याला लागून असल्याने पाटीवर उजेड असतो आणि दुचाकी न थांबवताही ती वाचता येते. अशा दोन पाट्या वाचल्या की आकडे चढत आहेत की उतरत आहेत ते कळते. मात्र एकाच पाटीवर कधी विसंबू नये, कारण दुकान दुसरीकडे हलते आणि कधीकधी पाटी जुनीच लावली जाते.

दुसरे म्हणजे, इमारतीच्या नावावरून शोधायला जाऊ नका. एकाच सेक्टरात देवांची नावे असलेल्या पाच-सहा सोसायट्या सहज सापडतात आणि वॉचमन आपल्याच इमारतीचे नाव ऐकल्यासारखे करून आत पाठवतो. प्लॉट नंबर मात्र त्या सेक्टरात एकाचाच असतो.

---

गांधीनगर_वाशी_मेधा

माझे सासर गांधीनगरला आहे म्हणून लिहिते. तिथे एका दिशेच्या मोठ्या रस्त्यांना क, ख, ग, घ, च, छ, ज अशी अक्षरे आहेत आणि आडव्या रस्त्यांना आकडे. त्यामुळे प्रत्येक चौकाला आपोआप नाव मिळते. ‘घ-५ ला उतर’ असे सासूबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या आणि मी नकाशा न बघता पोहोचले, कारण बसमधून घ-३, घ-४ असे चौक मोजता आले. वाशीत मला सेक्टर पाठ आहेत, पण चौकांची नावे मात्र कोणाच्या तरी पुतळ्यावरून किंवा जुन्या हॉटेलावरून सांगावी लागतात, आणि नवख्या माणसाला ती कळत नाहीत. चौकांना अशी सोपी खूण इथेही असायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

वाशीच्या जुन्या भागाबद्दल माधवरावांना एक सूचना करते. सेक्टर ९ आणि १० मध्ये सिडकोने बांधलेल्या इमारतींचे पत्ते ‘जेएन-२’ अशा अक्षरांनी सुरू होतात. ती अक्षरे म्हणजे इमारतीच्या नमुन्याचा प्रकार आहे, जागेचे नाव नव्हे. त्यानंतर येणारा आकडा इमारतीचा आणि शेवटचा घराचा. अशा पत्त्यात प्लॉट नंबर शोधत बसू नये, कारण तिथे भिंतीवर मोठ्या आकड्यात इमारतीचाच नंबर रंगवलेला असतो.

---

डोंबिवलीकर_प्रकाश

आता मला प्रश्न नीट समजला. माझा आतेभाऊ उल्हासनगरला कॅम्प नंबर ४ मध्ये राहतो, त्याच्या पत्त्यातही रस्त्याचे नाव नाही. बॅरेक नंबर आणि खोली नंबर एवढेच आहे. लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबे राहायला आली, तेव्हापासून छावणीचेच नंबर चालत आले आहेत. तिथे मात्र बॅरेकींच्या मध्ये नंतर इतकी बांधकामे झाली की शेजारच्या दोन आकड्यांमध्ये पूर्ण गल्ली सापडते. त्यामुळे नंबर कितीही नीट घातले तरी पुढे लोक कसे बांधतात त्यावरच सगळे अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

---

घणसोलीचा_पाटील

प्रकाशरावांनी शेवटी जे लिहिले, त्याची दुसरी बाजू मला मांडायची आहे. नवी मुंबईच्या क्षेत्रात ९५ गावे होती. आम्ही त्यातले. सेक्टर आमच्या गावाच्या भोवताली आखले गेले आणि गावठाण मध्ये तसेच राहिले. आमच्या घराला प्लॉट नंबर नाही, कारण आमचे घर कोणत्याही लेआउटमध्ये कधी पाडलेच गेले नाही, ते लेआउटच्या आधीपासून आहे. आमच्याकडे घरपट्टीचा घर क्रमांक असतो, आणि तो आकारणी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने आलेला असल्यामुळे माझ्या घराचा आणि सख्ख्या शेजाऱ्याच्या घराचा नंबर जवळ जवळ नाहीत.

बाहेरचे लोक ‘सेक्टर अमुक, घणसोली’ एवढे वाचून येतात आणि नव्या इमारतींमध्ये फिरत राहतात. गावात यायचे असेल तर आळीचे नाव, जवळचे देऊळ आणि घरातल्या मोठ्या माणसाचे नाव विचारून यावे. आमच्या आळीच्या तोंडाशी उभे राहून माझ्या आजोबांचे नाव घेतले, तर लहान मूलसुद्धा दारापर्यंत आणून सोडते. पत्त्याच्या फॉर्मवर मात्र ‘प्लॉट नंबर’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि दर वेळी आम्ही तिथे काहीतरी आकडा लिहितो. याचे वाईट वाटते.

आणखी एक. जमीन गेलेल्या कुटुंबांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेले प्लॉट आहेत, ते मात्र सेक्टरच्या लेआउटमध्ये आहेत आणि त्यांना रीतसर प्लॉट नंबर आहे. म्हणून एकाच कुटुंबाचे दोन पत्ते असू शकतात, एक गावातला आणि एक प्लॉटवरचा. पत्रिका कुठे द्यायची ते आधी विचारून घ्या.

---

आरेखक

पाटील साहेबांचे म्हणणे मी शिरसावंद्य मानतो. आमच्या नकाशांवर गावठाणाची हद्द एका जाड रेषेने दाखवलेली असे आणि तिच्या आत आम्ही काहीच काढत नसू. नंबर घालताना त्या रेषेपाशी आलो की बाहेरून वळसा घेत असू, त्यामुळे गावठाणाला लागून असलेल्या प्लॉटांचा क्रमही वेडावाकडा होतो. त्या भागात बेरजेची खूण चालणार नाही, हे मुग्धाताई आणि माधवरावांनी लक्षात घ्यावे. जिथे प्लॉट चौकोनी आणि रांगा सरळ, तिथेच ती खात्रीने लागू पडते. टेकडीच्या पायथ्याचे, नाल्याकाठचे आणि गावठाणालगतचे प्लॉट पाट्या वाचत वाचतच शोधावे लागतात.

---

मुग्धा_नकाशा

मग रस्त्यांना नावे द्यावीत की नाहीत, हा प्रश्न उरतोच. रुग्णवाहिका रात्री येते तेव्हा चालकाने दुकानांच्या खालच्या ओळी वाचाव्यात, अशी अपेक्षा करता येणार नाही. मला वाटते की प्रत्येक आतल्या रस्त्याच्या तोंडाशी ‘प्लॉट ४९ ते ५६’ अशी एक छोटी पाटी लावली तरी पुरेसे होईल.

---

गांधीनगर_वाशी_मेधा

मुग्धा, पाटीची कल्पना चांगली आहे, पण मला रस्त्यांना नावेच हवी आहेत. म्हाताऱ्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत फोनवर नंबर सांगताना अदलाबदल होते, ६४ चे ४६ होतात. नावाची अशी अदलाबदल होत नाही.

---

पार्सलवाला_नितीन

मेधाताई, माझा अनुभव उलट आहे. नाव असलेल्या लांब रस्त्यावर घर कोणत्या टोकाला आहे हे नावातून कळत नाही, नंबरातून कळते. मी मुग्धाच्या पाटीच्या बाजूने आहे.

---

माहीमचा_माधव

आज रविवार, रात्रीचे दहा वाजले आहेत आणि आम्ही नुकतेच परतलो. सगळ्यांना मनापासून धन्यवाद द्यायचे आहेत.

सर्वांत आधी खारघरला गेलो. प्लॉट ४९ च्या फाटकाशी रिक्षा सोडली आणि या वेळी ५० कडे न जाता उलट बाजूच्या कोपऱ्यावरून आत वळलो. ते अंतर पन्नास पावलेसुद्धा नसेल. मागच्या रस्त्यावरचे पहिलेच फाटक ६४ चे होते. पाटीवरचा ६ पुसट झालेला होता, पण शेजारी इस्त्रीच्या दुकानाच्या पाटीवर खालच्या ओळीत ‘प्लॉट ६४’ स्पष्ट लिहिले होते. काका-काकू गच्चीतून वाट पाहत होते. गेल्या रविवारी मी कुठे उभा होतो ते त्यांना त्यांच्या मागच्या बाल्कनीतून दाखवले, तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आले.

उरलेल्या अकरा पत्रिकांपैकी दहा पोहोचल्या. दोन पत्त्यांवर नोडच लिहिलेला नव्हता. पिनकोडवरून एक सानपाडा निघाला आणि दुसरा कोपरखैरणे. नेरुळला एका पत्त्यात सेक्टरनंतरचे ‘ए’ गळले होते, ते निघण्यापूर्वी फोन करून विचारून घेतले. बेरजेची खूण चार ठिकाणी करून पाहिली, तीन ठिकाणी बरोबर आली. चौथ्या ठिकाणी पट्टीच्या मध्येच दोन प्लॉट एकत्र करून इमारत उभी होती आणि मागच्या रांगेत एक प्लॉट अक्षर लावून वाढवलेला होता, त्यामुळे बेरीज दोनाने चुकली. तिथे पाट्या वाचत गेलो.

एक पत्रिका अजून माझ्याकडे आहे. ती घणसोली गावठाणातली आहे आणि पत्त्यात फक्त घर क्रमांक व सेक्टर लिहिलेला आहे.

---

घणसोलीचा_पाटील

काका, घर क्रमांक राहू द्या. ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांच्या वडिलांचे किंवा आजोबांचे नाव विचारून ठेवा आणि ते मला निरोपातून कळवा, इथे उघड लिहू नका. येत्या शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे. स्टेशनवर उतरलात की फोन करा, मी आळीच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

---

माहीमचा_माधव

पाटील साहेब, शनिवारी सहाच्या सुमारास येतो. निरोप पाठवला आहे. तुमच्या घरीही एक पत्रिका द्यायची आहे, तेव्हा ती कोणत्या नावाने लिहायची तेही कळवावे.